चौकटी बऱ्याच, पाइप एकच: स्टायरिनच्या टाकीचा बो-टाय

केमिकल प्लांटमध्ये कंट्रोल रूमच्या किंवा सेफ्टी ऑफिसच्या भिंतीवर एक रंगीत आकृती लॅमिनेट करून लावलेली असते, मधे एक गोल, डावीकडून त्यात येणाऱ्या रेघा, उजवीकडे बाहेर पडणाऱ्या रेघा, आणि रेघांवर छोट्या छोट्या चौकटी. तिला बो-टाय म्हणतात कारण दिसते तशीच, गळ्यात बांधायच्या बो सारखी. ऑडिटर आला की सगळे तिच्याकडे बोट दाखवतात आणि एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. खरं तर ती आकृती नीट काढली आणि नीट विचारली (हो, आकृतीला प्रश्न विचारायचे असतात) तर टाकी कुठून फसणार आहे हे ती बऱ्याचदा आधी सांगते. म्हणून एकच टाकी घेऊ आणि तिचा बो-टाय शेवटपर्यंत काढू.

टाकी विशाखापट्टणमची. आर. आर. वेंकटापुरम या वस्तीला लागून असलेला एलजी पॉलिमर्सचा कारखाना, त्यातली एम-६ नावाची स्टायरिनची टाकी, आत सुमारे २००० टन माल. ७ मे २०२० ला पहाटे तीनच्या सुमारास, लोक झोपेत असताना, टाकीच्या वरच्या तोंडांतून स्टायरिनची वाफ बाहेर पडायला लागली आणि ती थेट वस्तीत गेली. १२ माणसं गेली, शेकडो लोक हॉस्पिटलमध्ये. लॉकडाऊन चालू होता, कारखाना बंद होता, टाकी मात्र भरलेली होती. नंतर आंध्र सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने जुलै २०२० मध्ये रिपोर्ट दिला, त्यामुळे आत काय काय घडलं याची बरीच माहिती उघड आहे, आणि खाली जे येतं त्याला बराचसा आधार त्या रिपोर्टचाच आहे.

आधी स्टायरिन काय प्रकार आहे ते समजून घ्यायला लागेल, नाहीतर चौकटीत काय लिहायचं तेच कळणार नाही. थर्माकोल ज्यापासून बनतं त्या पॉलिस्टायरिनचा हा कच्चा माल, पाण्यासारखा पातळ द्रव. त्याचे रेणू एकमेकांना जोडून साखळी बनवायला कायम टपलेले असतात, रिअॅक्टरमध्ये आपण हेच मुद्दाम करवून घेतो. पण टाकीत नुसतं ठेवलं तरी ते हळूहळू चालूच असतं, आणि प्रत्येक जोडणीला उष्णता बाहेर पडते. ती उष्णता बाहेर गेली नाही तर तापमान वाढतं, तापमान वाढलं की जोडणी अजून वेगात होते, म्हणजे अजून उष्णता. ओला कडबा गंजीत रचला की गंजी बाहेरून गार दिसते आणि आतून तापत जाते, एक दिवस धूर निघतो, तसंच. मोठ्या टाकीत हे जास्त वाईट कारण पोटातली उष्णता बाहेर यायला जागाच नसते.

थोडा हिशोब करू, ढोबळच. एक किलो स्टायरिन पूर्ण पॉलिमर झालं तर साधारण ६७० किलोज्यूल उष्णता निघते. द्रव तापवायला किलोमागे डिग्रीला साधारण २ किलोज्यूल लागतात. स्टायरिन उकळतं १४५ डिग्रीला. म्हणजे ३५ डिग्रीच्या मालाला उकळीपर्यंत न्यायला किलोमागे २२० किलोज्यूल हवेत, आणि तेवढी उष्णता त्यातला साधारण एक तृतीयांश माल पॉलिमर झाला तरी मिळते. बाहेरून काडी लावायची गरज नाही, माल स्वतःला उकळवतो. आणि एकदा उकळायला लागला की पुढे पॉलिमर होणारा प्रत्येक किलो जवळपास दोन किलोची वाफ करू शकतो. आग लागली नाही, स्फोट झाला नाही, टाकी फुटली नाही, तरी इतकी वाफ कुठून आली याचं उत्तर इथे आहे.

याला थोपवायला तीन गोष्टी करतात. माल थंड ठेवायचा, शक्यतो २० ते २५ डिग्रीच्या खाली. त्यात टीबीसी नावाचं रसायन टाकायचं, पूर्ण नाव टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल, जे साखळी सुरू होतानाच तोडतं, आणि ते लागतं फक्त १० ते १५ पीपीएम. आणि तिसरी गोष्ट जी लोक विसरतात, मालात थोडी हवा विरघळलेली हवी, कारण ऑक्सिजन नसेल तर टीबीसी काम करत नाही. हे तिन्ही लक्षात ठेवा, सगळा बो-टाय यांच्याभोवतीच फिरतो.

आता आकृती काढायला घेऊ. सगळ्यात वर लिहायचं हॅझर्ड, म्हणजे आपण जी धोकादायक गोष्ट मुद्दाम, धंद्यासाठी, बाळगतो ती. इथे: टाकीत साठवलेलं २००० टन स्टायरिन. नुसतं "स्टायरिन" लिहू नका, किती आणि कुठे ते लिहा, कारण दोनशे लिटरच्या ड्रमचा बो-टाय आणि या टाकीचा बो-टाय यात काहीही सारखं नाही.

मग मधला गोल, त्याला टॉप इव्हेंट म्हणतात, म्हणजे धोक्यावरचा आपला ताबा सुटला तो क्षण. इथेच अर्ध्या आकृत्या चुकतात असं माझं मत आहे. लोक मधे लिहितात "स्फोट" किंवा "विषारी गॅसची गळती आणि मृत्यू". अहो मृत्यू हा परिणाम आहे, तो उजव्या टोकाला जाणार. मधे तो क्षण हवा जेव्हा अजून कोणाला काही झालेलं नाही पण गाडी आपल्या हातात राहिलेली नाही. बऱ्याच साठवणुकीच्या टाक्यांना हा क्षण म्हणजे "माल भांड्याबाहेर आला", पेट्रोलची टाकी ओसंडली वगैरे, तिथे ते बरोबरच आहे. स्टायरिनला मी तसं करणार नाही. इथे ताबा सुटतो तो माल टाकीच्या आतच असताना, जेव्हा पॉलिमर होण्याची उष्णता ही कूलिंगने काढता येणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते. मग गोलात लिहायचं: "टाकीतलं पॉलिमरायझेशन ताब्याबाहेर गेलं." याचा फायदा असा की वाफ बाहेर यायच्या आधीचे जे काही तास हातात असतात ते उजव्या बाजूला येतात आणि तुम्हाला विचार करावा लागतो की त्या तासांत करायचं काय. "गॅस बाहेर आला" असं मधे लिहिलं तर ते तास डाव्या बाजूच्या गर्दीत हरवतात.

डावीकडे आता थ्रेट, म्हणजे ताबा सुटायची कारणं. प्रत्येक कारण असं हवं की ते एकटं, मधे कोणी आडवं आलं नाही तर, सरळ गोलापर्यंत पोचेल. या टाकीला मी चार लिहीन. पहिलं, कूलिंग गेलं, चिलर बंद पडला किंवा बंद केला किंवा वीज गेली. दुसरं, टीबीसी संपलं. ते रोज थोडं थोडं खर्च होतं आणि मालाचं तापमान जास्त असेल तर भराभर. तिसरं, विरघळलेला ऑक्सिजन संपला. चौथं, आत काहीतरी भलतं गेलं, गंज, आम्ल, आधीच्या मालाचा चिकटलेला पॉलिमर. शेजारच्या आगीची झळ हा पाचवा होऊ शकतो, तो नेहमीचाच, त्यावर वेळ घालवत नाही. "मानवी चूक" हा थ्रेट लिहू नका. तो लिहिला की चर्चा तिथेच संपते, सगळे मान डोलावतात आणि समोर "ट्रेनिंग" अशी चौकट टाकून चहाला जातात.

तिसऱ्या थ्रेटवर एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. आग लागू नये म्हणून ज्वलनशील द्रवाच्या टाकीत वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरायची पद्धत आहे आणि ती चांगलीच पद्धत आहे. पण स्टायरिनवर शुद्ध नायट्रोजन कायमचा ठेवला तर हळूहळू विरघळलेली हवा निघून जाते आणि टीबीसी असूनही नसल्यासारखं होतं. म्हणजे आगीच्या बो-टायमधली चौकट या बो-टायमध्ये थ्रेट बनून येते. एका टाकीचे दोन बो-टाय दोन वेगळ्या टीमने काढले तर हे कोणाला दिसणार नाही.

आता थ्रेट आणि गोल यांच्यामधे रेघेवर चौकटी, या बॅरियर, म्हणजे आडवे येणारे उपाय. चौकटीत काय टाकायचं याची एक कडक परीक्षा आहे. त्या उपायाने एकट्याने ती रेघ तोडली पाहिजे. आणि त्यात तीन तुकडे हवेत: काहीतरी बिघडतंय हे कळणं, त्यावर ठरवणं, आणि प्रत्यक्ष काहीतरी करणं. नुसता थर्मामीटर हा बॅरियर नाही, तो फक्त कळवतो. थर्मामीटर, त्याचा अलार्म, तो ऐकणारा ऑपरेटर आणि त्याने सुरू करायचा स्टँडबाय चिलर, हे सगळं मिळून एक बॅरियर. यातला एक तुकडा गेला की पूर्ण चौकट गेली, पाव चौकट शिल्लक राहत नाही. ट्रेनिंग, एसओपी, तपासणी, देखभाल हे बॅरियर नाहीत, ते बॅरियर जिवंत ठेवणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांची जागा चौकटीच्या खाली. मी पाहिलेल्या बऱ्याच आकृत्यांत एका रेघेवर आठ-नऊ चौकटी असतात आणि ही परीक्षा लावली की दोन उरतात, कधीकधी एकच.

तर "टीबीसी संपलं" या रेघेवर खरा बॅरियर असा: ठरलेल्या दिवशी सँपल घ्यायचं, लॅबमध्ये टीबीसी मोजायचं, मर्यादेखाली आलं तर नवीन टाकायचं आणि टाकीतला माल पंपाने फिरवून मिसळायचं. किती टाकायचं? १० पीपीएम म्हणजे टनाला १० ग्रॅम, म्हणजे २००० टनांना २० किलो. फक्त २० किलो, तांदळाच्या कट्ट्यापेक्षाही कमी. आता रिपोर्टमध्ये काय आहे तर कारखान्यात टीबीसीचा साठाच नव्हता. म्हणजे "कळणं" आणि "ठरवणं" कितीही उत्तम असतं तरी "करणं" शून्य. आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायची सोय तिथे नव्हती, म्हणजे तिसऱ्या थ्रेटच्या रेघेवर पहिलाच तुकडा गायब.

"कूलिंग गेलं" या रेघेवर बॅरियर म्हणजे तापमान वाढल्याचा अलार्म आणि त्यावर होणारी कारवाई. एम-६ ला तापमान मोजणारा प्रोब होता, पण तो तळाशी. आता विचार करा, थंड द्रव जड, तो तळाला बसणार, गरम हलका, तो वर जाणार, शिवाय छत उन्हाने तापणार, मे महिना, विशाखापट्टणम. टाकी ढवळलेली नसेल तर वरचा थर आणि खालचा थर यांच्यात भरपूर फरक पडतो आणि तळाचा प्रोब मजेत थंड आकडा दाखवत राहतो. ऑपरेटरने रजिस्टरमध्ये लिहिलेला आकडा खरा असतो, फक्त तो टाकीचा नसतो, टाकीच्या तळाचा असतो. त्यात चिलर चोवीस तास चालतच नव्हता, संध्याकाळी पाचला बंद करायची पद्धत होती, रात्री हवा गार असते म्हणून. एवढा माल रात्रीच्या गार हवेने थंड होत नाही हे वरच्या हिशोबावरूनच कळेल.

वरच्या थराबद्दल अजून एक. टीबीसी बाष्पात जात नाही. स्टायरिनची वाफ टाकीच्या छताला लागून परत थेंब होते तेव्हा त्या थेंबात टीबीसी नसतंच, म्हणून छताच्या आतून पॉलिमरचे लोंबते थर तयार होतात, व्हेंटच्या जाळीवरही बसतात. हे तुटून खाली पडलं तर माल खराब, आणि व्हेंट बुजला तर टाकीला श्वासच नाही. म्हणून छताची, व्हेंटची आतली तपासणी ही नुसती हाऊसकीपिंगची बाब समजू नये. व्हेंट बुजलेल्या टाकीत उकळी फुटली असती तर विषारी वाफेऐवजी टाकीच फाटली असती, हा उजवीकडचा वेगळा परिणाम आहे.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा, ज्यासाठी हीच टाकी निवडली. रिपोर्टप्रमाणे डिसेंबर २०१९ मध्ये टाकीच्या पाइपिंगमध्ये बदल केला गेला आणि त्याने टाकीतलं द्रव फिरणं, मिसळणं बिघडलं. आता बो-टाय समोर ठेवा आणि "मिसळणं बंद झालं" हे वाक्य घेऊन एकेका चौकटीकडे जा.

कूलिंगची चौकट: चिलरमधून जाणारा माल तळातून निघून तळातच परत येत असेल तर चिलर फक्त तळ थंड करतो, वरचं तसंच. अर्धी चौकट गेली, म्हणजे वर म्हटलं तसं, पूर्णच गेली. तापमान अलार्मची चौकट: तळाचा प्रोब टाकीचं खरं तापमान दाखवतो हे मिसळण्याच्या भरवशावरच होतं, तेही गेलं. टीबीसीची चौकट: सँपल खालून घेतलं तर वरच्या थरात किती उरलंय ते कळत नाही, आणि टाकलं असतं तरी वर पोचलं नसतं. ऑक्सिजनची चौकट: वरच्या गरम थरात तो लवकर संपणार आणि खालचा हवा असलेला माल वर येणार नाही. चार वेगवेगळ्या चौकटी, चार वेगवेगळे रंग, आणि सगळ्यांच्या खाली एकच पाइप. आकृतीत तो पाइप कुठेच दिसत नाही कारण तो स्वतः बॅरियर नाही. बो-टायची ही सगळ्यात मोठी मर्यादा आहे, चौकटी शेजारी शेजारी दिसल्या की त्या स्वतंत्र आहेत असं डोळ्याला वाटतं, आणि कागद तुम्हाला कधीच सांगत नाही की तीन चौकटींचा पंप एकच आहे, वीज एकच आहे, किंवा रात्रपाळीचा माणूस एकच आहे.

यावर उपाय साधा आहे पण कंटाळवाणा. प्रत्येक चौकटीखाली लिहायचं की ही कशावर उभी आहे: कुठला पंप, कुठला पाइप, कुठला फीडर, कुठला प्रोब, कोण माणूस. मग एका रंगाच्या पेनने तेच नाव जिथे जिथे आलंय तिथे गोल करायचा. एकाच नावाला तीन-चार गोल पडले की खरं तर तुमच्याकडे तेवढाच एक बॅरियर आहे. एम-६ साठी हे कोणी केलं असतं तर "टाकी फिरवण्याची लाइन" या नावाला चार गोल पडले असते, आणि मग त्या लाइनमध्ये बदल करायचा अर्ज आला तेव्हा तो नुसत्या मेंटेनन्सच्या सहीवर सुटणं अवघड झालं असतं. यालाच मॅनेजमेंट ऑफ चेंज म्हणतात. बदल कितीही छोटा असो, त्याने कुठल्या कुठल्या चौकटी हलतात ते आधी बघायचं, मगच स्पॅनर हातात घ्यायचा.

चौकटीच्या खाली अजून एक प्रकार लटकवतात, डिग्रेडेशन फॅक्टर, म्हणजे बॅरियरला पोखरणारी परिस्थिती. लॉकडाऊन हा त्याचा अगदी पुस्तकी नमुना. लॉकडाऊनने एकही मोल स्टायरिन तापवलं नाही, तो थ्रेट नाहीच. पण माणसं कमी झाली, माल हलेना म्हणून तोच माल आठवडेच्या आठवडे टाकीत पडून राहिला, नवीन रसायन मागवणं अवघड झालं. एकाच वेळी प्रत्येक चौकट थोडी थोडी पातळ झाली. सणाची सुट्टी, संप, शटडाऊन, पूर, हे सगळं इथेच येतं. आणि याचा उपाय "काळजी घ्या" असा सर्क्युलर काढणं नसतं, उपाय म्हणजे आधीच लिहून ठेवलेला नियम, उदाहरणार्थ प्लांट अमुक दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर टाकीतला माल अमुक पातळीखाली आणायचा आणि टीबीसी वरच्या मर्यादेला न्यायचं.

आता गोल ओलांडून उजवीकडे. टोकाला परिणाम: वस्तीवर जाणारी विषारी वाफ, वाफेला आग किंवा स्फोट, टाकी फाटणं, आणि सगळ्यात सौम्य म्हणजे आतल्या आत माल घट्ट होऊन टाकी भंगारात जाणं. विशाखापट्टणमला पहिला झाला. आग लागली नाही, लागली असती तर काय झालं असतं याची कल्पना करा, स्टायरिनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, साधारण ३१ डिग्री आहे.

गोल ते परिणाम या रेघेवरच्या चौकटींना रिकव्हरीचे उपाय म्हणतात, नुकसान थांबवणारे किंवा कमी करणारे. वेळेच्या क्रमाने लावा. सगळ्यात आधी टाकीच्या आतला उपाय: इमर्जन्सी डोस, म्हणजे भरपूर टीबीसी किंवा त्याहून जोरदार इनहिबिटर एकदम आत सोडायचा आणि मिसळायचा, किंवा थंड माल आत घालून तापमान पाडायचं. याला वेळेची खिडकी आहे. माल एकदा फार तापला की टीबीसी पुरेसं पडत नाही, आणि पॉलिमर वाढला की द्रव काकवीसारखा दाट होतो, पंप तो फिरवू शकत नाही, मग डोस टाकूनही वरच्यावर. परत तोच पाइप, बघा. डावीकडच्या चार चौकटी ज्याने पाडल्या तोच उजवीकडची पहिली चौकट पण घेऊन जातो. घटनेनंतर गुजरातहून ५०० किलो टीबीसी विमानाने आणलं गेलं, बाकीच्या मालासाठी ते गरजेचंच होतं, पण ज्या चौकटीचं सामान शेकडो किलोमीटरवर आहे ती चौकट आकृतीत धरता येत नाही.

पुढची चौकट व्हेंटवर: वाफ मोकळी हवेत न जाता स्क्रबर किंवा कंडेन्सरमधून जावी. साध्या साठवणुकीच्या टाक्यांना ही सोय सहसा नसते, त्यांचा व्हेंट नेहमीच्या श्वासोच्छ्वासासाठी बनवलेला असतो. उकळत्या टाकीची वाफ पकडेल एवढा स्क्रबर बसवणं महाग आणि अवघड, म्हणून ही चौकट बरेच जण रिकामी ठेवतात आणि ते मला एका अटीवर मान्य आहे, ती रिकामी आहे हे आकृतीत दिसलं पाहिजे. खोटी भरू नका. रिकामी चौकट दिसली की वस्तीला लागून एवढा साठा ठेवायचाच का हा प्रश्न आपोआप येतो.

मग सायरन. इथेही तेच तीन तुकडे: गॅस डिटेक्टरला कळणं, कोणीतरी ठरवणं, बटण दाबणं. समितीच्या रिपोर्टप्रमाणे कारखान्यात सायरन वाजवायचे ३६ पॉइंट होते, गेटपाशीसुद्धा, आणि एकही वाजवला गेला नाही. म्हणजे सामान होतं, बसवलेलं होतं, कदाचित ऑडिटमध्ये हिरवी टिकही मिळाली असेल. मधला तुकडा नव्हता. रात्री तीन वाजता शिफ्टमधल्या माणसाला, साहेबांना फोन न करता, वस्तीचा सायरन वाजवायचा अधिकार आहे का, आणि खोटा वाजला तर त्याला कोणी बोलणार नाही याची त्याला खात्री आहे का? सायरनच्या चौकटीखाली हे लिहायचं असतं, डेसिबल नाही. रात्री अंदाजाने वाजवलेल्या सायरनबद्दल कोणाला मेमो मिळाला की पुढची दहा वर्षं ती चौकट मेली समजा.

सायरन वाजला तरी पुढे लोकांनी काय करायचं? वाऱ्याच्या दिशेला आडवं चालायचं, ओला कपडा नाकावर धरायचा. स्टायरिनची वाफ हवेच्या साडेतीन पटीहून जड असते, थंड झाली की खाली बसते, सखल गल्ल्यांत आणि गटारांत साठते. हे वस्तीला माहीत नसेल तर सायरन ऐकून माणूस दारात येऊन बघतो काय झालं, आणि वाफेतच उभा राहतो. आपल्याकडे धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखान्याच्या आतला आपत्कालीन प्लॅन मालकाने करायचा आणि बाहेरचा जिल्हा प्रशासनाने, आतल्या प्लॅनची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी. बो-टायवर ही सीमा नेमकी दिसते, उजवीकडच्या रेघेवर एक जागा अशी येते जिथे चौकटीचा मालक बदलतो. आणि दोन मालकांच्या मधली जागा ही बहुतेक वेळा कोणाचीच नसते, म्हणजे कलेक्टर ऑफिसला फोन कोण करणार, कुठल्या नंबरवर, जवळच्या हॉस्पिटलला "हे स्टायरिन आहे" हे कोण सांगणार. प्रत्येक चौकटीखाली पदाचं नाव लिहा, "सर्व संबंधित" नको.

सगळ्यात शेवटची रिकव्हरी महिन्यांची असते. तिथे उरलेलं स्टायरिन, जवळपास १३ हजार टन, जहाजाने दक्षिण कोरियाला परत पाठवलं गेलं. हे करणं घटनेनंतर शक्य झालं, आधी कोणी विचारलं असतं की बंद कारखान्यात एवढा साठा कशाला, तर ती चौकट डाव्या बाजूला, सगळ्यात स्वस्तात, बसली असती.

बो-टायमध्ये वेळ दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायला सांगतो: हा उपाय करायला किती वेळ लागतो, आणि त्या क्षणी हातात किती वेळ असेल. टीबीसी मोजून टाकायला एक-दोन दिवस लागले तरी चालतं, कारण डावीकडे आठवडे हातात असतात. गोल ओलांडल्यावर तास उरतात, वाफ सुटल्यावर मिनिटं. "तज्ञांना बोलावणे" ही चौकट उजवीकडे बऱ्याच आकृत्यांत असते, तिच्याखाली आकडा लिहिला की ती स्वतःच खोडावी लागते. किती शक्यता आहे, वर्षाला कितीदा, हे मात्र बो-टाय सांगत नाही, त्यासाठी लोपासारखी, म्हणजे संरक्षणाच्या थरांची आकडेमोड करणारी, वेगळी पद्धत आहे आणि तिला बो-टायमधल्याच चौकटी पुरवायच्या असतात, पण फक्त ज्या खरंच स्वतंत्र आहेत त्या.

आणि हा सगळा कागद दुसऱ्या टाकीसाठी कॉपी-पेस्ट होत नाही. उदाहरण घ्या अॅक्रिलिक अॅसिडचं. तेही असंच स्वतःहून पॉलिमर होणारं, तेही इनहिबिटर आणि विरघळलेली हवा यांच्यावर जगणारं, म्हणून कोणी "कूलिंग वाढवा" ही चौकट उचलून तिथे चिकटवेल. पण अॅक्रिलिक अॅसिड १३-१४ डिग्रीला गोठतं, आणि गोठताना इनहिबिटर खड्यांच्या बाहेर द्रवात राहतो. मग कोणी घाईत वाफेच्या नळीने ते वितळवलं की जो भाग आधी वितळतो त्यात इनहिबिटर जवळपास नसतो, आणि तो गरमही असतो. स्टायरिनच्या आकृतीत जास्त थंडी हा उपाय, इथे तीच डावीकडची पहिली रेघ, आणि तिच्यावरची पहिली चौकट अशी की या टाकीजवळ वाफेची नळी पोचूच नये.